बोललेले भाषण कागदावर उभे करताना

वाचकहो, आरंभी एक लहानसे वाक्य देतो. ते एकदा मोठ्याने वाचून पाहा : ‘पाऊस पडला नाही पेरणी केली’. आता सांगा, पाऊस पडला की नाही? ‘पडला नाही’ येथे थांबलात, तर एका धाडसी शेतकऱ्याने कोरड्यात पेरणी केली. ‘पडला’ येथेच थांबलात, तर पाऊस येऊनही कोणा आळशाची पेरणी राहून गेली. चार-पाच शब्दांत एवढा फरक पडतो. मग तास-दीड तासाचे भाषण कोणी ऐकून सलग उतरवून काढले, आणि त्यात ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम, ना परिच्छेद, आणि आकडेही सगळे अक्षरी, अशी ती शाईची मालगाडी आपल्यापुढे आली, तर काय करावे? आज मी त्याच कामाविषयी बोलणार आहे.

हे काम आपल्याला अगदी परके नाही. आपली जुनी मोडी कागदपत्रे आठवा. लेखणी शक्यतो न उचलता ओळच्या ओळ पुढे जाते. शब्द तोडलेले नाहीत, वाक्य कोठे संपले त्याची खूण क्वचितच. बखरी आणि पत्रे छापणाऱ्या संपादकांनी ती वाक्ये एक एक करून तोडली, तेव्हा कोठे ती तुम्हा-आम्हाला वाचता आली. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी तर आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी छपाईच्या पाठोपाठ आली, आणि त्यांना मराठीत स्थिर करण्यात मेजर कँडी यांचा मोठा हात होता. परंतु जुने पत्र मुळात लिहिलेले असते. भाषणाचे तसे नाही. वक्त्याने विरामचिन्हे उच्चारलेली नसतात, तो नुसता थांबतो, आवाज चढवतो, उतरवतो. हे थांबणे-चढणे उतरवणाऱ्याच्या कागदावर येत नाही. ते नंतर अर्थावरून परत बसवावे लागते.

उदाहरणासाठी मी एक प्रसिद्ध भाषण निवडले आहे. घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले समारोपाचे भाषण. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, राज्यघटना स्वीकारली गेली. घटना समितीच्या छापील वृत्तांताच्या अकराव्या खंडात हे भाषण आहे. ते मूळ इंग्रजीत आहे. अशी भाषणे लघुलेखक पाळीपाळीने टिपून घेत. पिटमनच्या लघुलिपीत, जी १८३७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली, व्यंजनांच्या जाड-बारीक रेघा असतात आणि घाईत स्वरांचे ठिपकेसुद्धा गाळले जातात. पूर्णविरामासाठी त्या लिपीत एक बारीकशी फुली आहे, पण वेगाने बोलणाऱ्यापुढे ती तरी प्रत्येक ठिकाणी कशी उमटणार? म्हणजे छापील पानावरची बहुतेक चिन्हे ही नंतर टंकलेखन करताना माणसाने विचार करून घातलेली असतात. हे ध्यानात आल्यावर मी एक प्रयोग केला. या भाषणातल्या काही भागांचा आशय मराठीत घेतला, त्यातली सारी चिन्हे पुसली, आकडे अक्षरी केले, आणि वर्गात विद्यार्थ्यांना ते पूर्ववत करायला दिले.

पहिला उतारा आकड्यांचा होता. आपल्या घटनेला फार वेळ लागला, असा आक्षेप तेव्हा घेतला जात होता. त्याला उत्तर म्हणून बाबासाहेबांनी इतर देशांच्या घटनांना किती काळ लागला ते सांगितले. चिन्हे पुसल्यावर आशय असा दिसतो :

‘अमेरिकेची परिषद पंचवीस मे सतराशे सत्त्याऐंशीला भरली आणि सतरा सप्टेंबर सतराशे सत्त्याऐंशीला काम पुरे झाले चार महिन्यांच्या आत कॅनडाची परिषद दहा ऑक्टोबर अठराशे चौसष्टला भरली आणि मार्च अठराशे सदुसष्टमध्ये कायदा झाला दोन वर्षे पाच महिने लागले ऑस्ट्रेलियाची परिषद मार्च अठराशे एक्याण्णवमध्ये भरली आणि कायदा झाला नऊ जुलै एकोणीसशे नऊ वर्षे लागली दक्षिण आफ्रिकेची परिषद ऑक्टोबर एकोणीसशे आठमध्ये भरली आणि वीस सप्टेंबर एकोणीसशे नऊला कायदा झाला एक वर्ष लागले’

यात दोन खड्डे आहेत, आणि माझे निम्मे विद्यार्थी त्या दोन्हींत पडले. पहिला खड्डा ‘चार महिन्यांच्या आत’ या शब्दांचा. पूर्णविराम त्यांच्या आधी दिला, तर ‘चार महिन्यांच्या आत कॅनडाची परिषद भरली’ असे होते, आणि अमेरिकेच्या मागोमाग कॅनडा उभा राहतो. पण पुढची तारीख १८६४ ची आहे. मध्ये पाऊणशेहून अधिक वर्षे गेली आहेत. म्हणून ते शब्द मागच्या वाक्याचेच. २५ मे ते १७ सप्टेंबर हे अंतर मोजा, ते खरोखरच चार महिन्यांच्या आतले आहे.

दुसरा खड्डा अधिक फसवा आहे, आणि तो खास आपल्या भाषेचा आहे. ‘नऊ जुलै एकोणीसशे नऊ वर्षे लागली’. कित्येकांनी बेधडक ‘९ जुलै १९०९’ असे लिहिले. लगेच पुढे दक्षिण आफ्रिकेचे १९०९ साल येते, त्यामुळे हा आकडा डोळ्यांना खटकतही नाही. पण मग ‘वर्षे लागली’ हे दोन शब्द पोरके राहतात. किती वर्षे? एका चतुर विद्यार्थ्याने ते ‘बरीच वर्षे लागली’ असे दुरुस्त करून टाकले! मी त्याला विचारले, ‘अरे, हा “बरीच” कोठून आणलास?’ तो म्हणाला, ‘सर, वाक्य पुरे होत नव्हते.’ बरोबर उत्तर असे : ‘कायदा झाला ९ जुलै १९००. ९ वर्षे लागली.’ १८९१ ते १९०० हा हिशेब जुळतो. १९०९ धरले तर अठरा वर्षे होतात. मूळ इंग्रजीत हा घोटाळा होत नाही, कारण तेथे सन आणि मुदत यांच्यामध्ये क्रियापद येते. मराठीत ‘एकोणीसशे’ या शब्दापुढे लहान संख्या आली की ती त्याला चिकटू पाहते.

या उताऱ्यातली मौज अशी की वक्त्याने स्वतःच ताळा दिला आहे. प्रत्येक देशाच्या दोन तारखा आणि लगेच त्यांमधले अंतर. म्हणून अक्षरी आकडे अंकांत आणताना मी एक सवय लावून घेतली आहे. आकडा लिहिण्यापूर्वी त्याचा सोबती शोधायचा. तारखेजवळ मुदत आहे काय? बेरजेजवळ तिचे भाग आहेत काय? सोबती सापडला की वजाबाकी-बेरीज करून पाहायची. मात्र तो ताळा अंक ओळखण्यासाठी आहे, वक्त्याला सुधारण्यासाठी नाही. मार्च १८९१ ते जुलै १९०० हे काटेकोरपणे नऊ वर्षे आणि वर चार महिने होतात. वक्ता ‘नऊ वर्षे’ म्हणाला, तर आपण ‘९ वर्षे’ एवढेच लिहावे.

सोबती नसलेल्या आकड्यांचे काय? त्याच भाषणात हा प्रसंगही येतो. घटना समितीची अकरा अधिवेशने झाली, त्यांत १६५ दिवस खर्च झाले, आणि त्यांपैकी मसुद्याच्या विचाराला ११४ दिवस लागले, असे बाबासाहेब सांगतात. थोड्या वेळाने मसुदा समितीची गोष्ट निघते. ती २९ ऑगस्ट १९४७ ला नेमली गेली, ३० ऑगस्टला तिची पहिली बैठक झाली, आणि ती १४१ दिवस बसली. आता ११४ आणि १४१ पाहा. तेच तीन अंक, जागा बदललेले. उतरवणाऱ्याला हटकून वाटते, यातला एक आकडा चुकला आहे, आणि तो दोन्ही ठिकाणी एकच घालून मोकळा होतो. पण हे दिवस दोन वेगवेगळ्या मंडळांचे आहेत. ११४ दिवस सबंध सभागृहाचे, १४१ दिवस एका लहान समितीचे. अक्षरी मजकुरात ‘एकशे चौदा’ आणि ‘एकशे एक्केचाळीस’ हे शब्द एकमेकांसारखे दिसतही नाहीत. गोंधळ सुरू होतो तो अंक केल्यावर. म्हणून माझे सांगणे असे की अंकांत लिहिलेली प्रत पुन्हा एकदा अक्षरी प्रतीशी ताडून पाहावी, आणि तीही मोठ्याने वाचून. एकाने अंक वाचावे, दुसऱ्याने अक्षरी प्रतीवर बोट ठेवावे. शाळेत हे काम दोन मुले मजेत करतात.

सगळेच आकडे अंकांत घालायचे असतात असेही नाही. तारखा, कलमांची संख्या, दिवस, दुरुस्त्या या मोजलेल्या गोष्टी आहेत. त्या अंकांत शोभतात. मसुद्याला सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या, हे अंकांतच वाचायला सोपे. परंतु याच भाषणात पुढे एक माणूस, एक मत आणि एक मूल्य या तत्त्वाचा उल्लेख येतो. तेथे ‘१ माणूस, १ मत’ असे लिहिले तर ते वाण्याच्या यादीसारखे दिसेल. तेथला ‘एक’ मोजण्यासाठी आलेला नाही, तो समतेचा ‘एक’ आहे. तसेच ‘पहिली गोष्ट, दुसरी गोष्ट’ हे शब्दच राहू द्यावेत. आपल्या बोलण्यात तर ‘शे-दोनशे माणसे’, ‘पाच-पन्नास रुपये’, ‘अडीच हजार’ असे पुष्कळ येते. ‘शे-दोनशे’ चे ‘१००-२००’ केले की वक्त्याने नुसता अदमास सांगितला होता हे लपते, आणि जणू त्याने मोजणी केली होती असा भास होतो.

आता परिच्छेदांकडे वळू. पुष्कळ लोक दहा-बारा ओळी झाल्या की नवा परिच्छेद करतात. जणू खळ्यावर पोती भरताहेत, एक भरले की दुसरे! वक्ता विचार कोठे वळवतो ते पाहिले पाहिजे, आणि चांगला वक्ता वळणावर पाटी लावून जातो. आपल्या भाषणात अशी एक ठळक पाटी आहे. घटनेवरील आक्षेपांना उत्तरे देऊन झाल्यावर बाबासाहेब अशा अर्थाचे म्हणतात की मला येथेच संपवता आले असते, पण देशाच्या भवितव्याच्या विचाराने मन भरून आले आहे. मागचे सारे भाषण वकिलाचे होते, येथून पुढचे भाषण एका चिंता वाहणाऱ्या माणसाचे आहे. येथे नुसता परिच्छेद नव्हे, एक मोकळी ओळ सोडली तरी चालेल.

यापुढची पाटी विद्यार्थ्यांना हमखास चकवते. २६ जानेवारी १९५० ही तारीख या भागात तीनदा येते. त्या दिवशी भारत स्वतंत्र देश असेल, मग त्या स्वातंत्र्याचे पुढे काय होईल? त्या दिवशी भारत लोकशाही देश असेल, मग त्या लोकशाहीचे काय होईल? आणि बऱ्याच पुढे, त्या दिवशी आपण विसंगतींच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. एकीने मला तिसरी तारीख खोडून दिली होती. तिचे म्हणणे असे की उतरवणाऱ्याने चुकून तेच तेच लिहिले. तिचा तर्क अगदीच टाकाऊ नव्हता; घाईने उतरवताना खरोखरच एखादी ओळ दोनदा लिहिली जाते. पण ती चूक ओळखण्याची खूण वेगळी आहे. चुकून दोनदा लिहिलेल्या ओळीच्या पुढचे शब्दही तेच असतात. येथे तारीख तीच, पण तिच्यामागून येणारा प्रश्न तिन्ही वेळा निराळा. म्हणजे ही पुनरुक्ती वक्त्याची आहे. पहिल्या दोन ठिकाणी तर त्या तारखेने नवा परिच्छेदच उघडतो.

पहिल्या दोन तारखांनंतर वक्ता लोकशाही टिकवण्यासाठी तीन गोष्टी सांगतो. पहिली, आपली उद्दिष्टे घटनात्मक मार्गानेच साधावीत. दुसरी, कितीही थोर पुरुष असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायी वाहू नये. तिसरी, राजकीय लोकशाहीवर समाधान न मानता सामाजिक लोकशाही आणावी. येथे सरळ तीन परिच्छेद करावेसे वाटतात, आणि पहिल्या दोन गोष्टींना ते पुरतातही. तिसरी मात्र वाढत जाते. स्वातंत्र्य, समता, बंधुता या तिघांचे नाते, मग समतेचा अभाव, मग बंधुतेचा अभाव, जातींमुळे राष्ट्र होण्यात येणारी अडचण. ‘तिसरी गोष्ट’ म्हटले म्हणून हे सारे एका परिच्छेदात कोंबू नये. भाषणातले परिच्छेद अंगठ्या-करंगळीसारखे लहान-मोठे असणारच.

सर्वांत जोखमीचे चिन्ह कोणते म्हणाल, तर ते अवतरणचिन्ह. चुकलेला स्वल्पविराम वाचकाला पुष्कळदा सावरता येतो. पण अवतरण चुकले तर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी जाते, आणि पुढे पिढ्यानपिढ्या ते तसेच सांगितले जाते. वर सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीपाशी बाबासाहेब आधी जॉन स्टुअर्ट मिल याने दिलेला इशारा सांगतात. मग स्वतःचे मत देतात की देशासाठी आयुष्य वेचणाऱ्या थोरांविषयी कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा आहेत. मग आयर्लंडचा देशभक्त डॅनियल ओकॉनेल याचे वचन येते, की कोणताही पुरुष आपल्या मानाचा, कोणतीही स्त्री आपल्या शीलाचा आणि कोणतेही राष्ट्र आपल्या स्वातंत्र्याचा बळी देऊन कृतज्ञ राहू शकत नाही. आणि लगेच पुन्हा बाबासाहेबांचे स्वतःचे विधान, की हा इशारा इतर देशांपेक्षा हिंदुस्थानला अधिक लागू आहे, कारण येथे राजकारणात भक्तीचे प्रस्थ फार. धर्मातली भक्ती मोक्षाला नेईल, पण राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

पाहा, एका दमात तीन माणसे बोलून गेली. चिन्हे पुसलेल्या प्रतीत ती ओळखायची कशी? आरंभ सोपा असतो, कारण वक्ता नाव घेतो. शेवट अवघड. माझ्या वर्गात काहींनी ओकॉनेलचे अवतरण थेट ‘हुकूमशाही’ या शब्दापर्यंत ओढले, आणि बिचाऱ्या आयरिश पुढाऱ्याला हिंदुस्थानच्या भक्तिमार्गावर बोलायला लावले. येथे उपयोगी पडतो तो ‘हा इशारा’ मधला ‘हा’. दुसऱ्याचे बोलणे संपवून वक्ता त्याच्याकडे बोट दाखवतो, तेव्हा ‘हा’, ‘हे’, ‘असे’ यांपैकी एखादा शब्द येतो. बोट दाखवणारा माणूस ज्याकडे बोट दाखवतो त्याच्या बाहेर उभा असतो; म्हणून अवतरण त्या शब्दाच्या आधी बंद व्हायला हवे. उलट काहींना ओकॉनेलचे नावच अडखळले आणि त्यांनी अवतरण दिलेच नाही. मग ते वचन बाबासाहेबांचेच होऊन बसले. ज्या वक्त्याने आवर्जून दुसऱ्याचे ऋण सांगितले, त्याच्यावर आपण उसनवारी लपवल्याचा ठपका आणतो. शक्य असेल तेथे मूळ लेखकाचे पुस्तक काढून अवतरणाची हद्द ताडून पाहावी. नाहीतर, हद्दीविषयी संशय राहिला तर, अवतरणचिन्ह न देता नुसता स्वल्पविराम देऊन ‘असे अमुक म्हणतो’ एवढे ठेवावे.

वाक्याच्या शेवटाबाबत मराठीला एक सोय आहे. आपले क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे ‘आहे’, ‘झाले’, ‘पाहिजे’ दिसले की तेथे पूर्णविरामाची जागा असण्याचा संभव मोठा. पण बोलणारा माणूस व्याकरणाचा गुलाम नाही. ‘गेलो होतो मी तिकडे काल’ असे आपण घडोघडी म्हणतो. क्रियापद दिसताच पूर्णविराम ठोकला, तर ‘मी तिकडे काल’ हे पुढच्या वाक्याच्या गळ्यात पडते. म्हणून पूर्णविराम देण्यापूर्वी पुढचे चार शब्द वाचून पाहावेत. ते स्वतःच्या पायावर उभे राहतात का? प्रश्नचिन्हाचेही तसेच. ही विसंगती आपण किती काळ चालू देणार, समता किती काळ नाकारणार, असे प्रश्न बाबासाहेब एकामागून एक विचारतात. त्यांना एकाच लांब वाक्यात गुंफून शेवटी एक प्रश्नचिन्ह दिले, तर व्याकरण बिघडत नाही, पण सभागृहात प्रत्येक प्रश्नानंतर जी शांतता पडली असेल ती कागदावरून जाते. तेथे प्रत्येक प्रश्नाला त्याचे चिन्ह द्यावे.

तर मग कामाचा क्रम कसा ठेवावा? सबंध मजकूर आधी एकदा, काही न लिहिता, मोठ्याने वाचावा. मग मोठी वळणे शोधून परिच्छेद पाडावेत, मग पूर्णविराम, मग अवतरणे, मग आकडे, आणि स्वल्पविराम सर्वांत शेवटी. पुष्कळांचा क्रम नेमका उलटा असतो. ते पहिल्या ओळीपासून स्वल्पविराम पेरीत निघतात आणि तिसऱ्या पानावर थकतात. ध्वनिमुद्रण हाताशी असेल तर शंकेच्या जागा पुन्हा ऐकाव्यात. पण वक्ता श्वासासाठीही थांबतो, तेव्हा प्रत्येक थांब्याला चिन्ह देऊ नये. ब्रिटिश पार्लमेंटच्या एका समितीने १९०७ मध्ये वृत्तांतासाठी असा दंडक सांगितला होता की अनावश्यक द्विरुक्ती आणि उघड चुका काढाव्यात, मात्र अर्थात भर घालणारे काही गाळू नये. वृत्तांताला ते ठीक आहे. आपण इतिहासाचे साधन म्हणून भाषण जपत असू, तर मी एक पाऊल मागे राहीन. शब्द एकही काढायचा नाही, घालायचा नाही. जेथे अर्थच लागत नाही तेथे चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह द्यावे. आणि चिन्हे नसलेली मूळ प्रत फेकून देऊ नये. आपली शुद्ध प्रत तिच्या शेजारी ठेवावी.

हे शेवटचे का म्हणतो, त्याचा एक दाखला देतो. घटना समिती प्रथम ९ डिसेंबर १९४६ ला भरली, त्याला आज दोन वर्षे, अकरा महिने आणि सतरा दिवस होतील, असे बाबासाहेब आरंभीच सांगतात. एका हुशार विद्यार्थिनीने ‘१७’ च्या जागी ‘१८’ लिहिले. पुस्तकांतून आणि स्पर्धापरीक्षांतून आपण सारे ‘२ वर्षे, ११ महिने, १८ दिवस’ असेच पाठ केलेले असते, त्यामुळे तिला ती चूक वाटली. मी तिला फळ्यावर बोलावले आणि मोजायला सांगितले. ९ डिसेंबर १९४६ पासून ८ नोव्हेंबर १९४९ च्या अखेरीपर्यंत दोन वर्षे अकरा महिने भरतात. उरले ९ नोव्हेंबर ते २५ नोव्हेंबर, दोन्ही दिवस धरून. तिने बोटांवर मोजले, सतरा आले. मग ती म्हणाली, ‘सर, अठरावा दिवस घटना स्वीकारल्याचा.’ आणि तिने १८ पुसून पुन्हा १७ लिहिले.